नोकरीच्या करारातलं नॉन-कॉम्पिट कलम नव्याने कसं लिहावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीचे करार तपासण्याच्या कामात तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. निम्मे ऑफर लेटर हातात घेऊन बसलेल्यांचे असतात आणि निम्मे छोट्या कारखान्यांच्या मालकांचे. दोघांनाही उपयोगी पडावीत म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. ती खासगी नोकऱ्यांबद्दल आणि भारतीय कायद्यानुसार आहेत. परदेशातल्या करारांबद्दलचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

1. नॉन-कॉम्पिट म्हणजे नक्की काय? गोपनीयतेचं कलम आणि हे एकच का?

एकच नाही. नॉन-कॉम्पिट तुम्हाला स्पर्धक कंपनीत काम करण्यापासून किंवा तसाच धंदा स्वतः काढण्यापासून अडवतं. गोपनीयतेचं कलम कामाला अडवत नाही, फक्त कंपनीची गुपितं बाहेर काढू नका असं सांगतं. तिसरं असतं ग्राहक न फोडण्याचं, म्हणजे नॉन-सॉलिसिट. त्यात तुम्ही कुठेही काम करू शकता, पण जुन्या ग्राहकांच्या मागे लागायचं नाही.

बऱ्याच करारांत ही तिन्ही एकाच लांबलचक परिच्छेदात कोंबलेली असतात. नव्याने लिहिताना आधी ती सुटी करायची, कारण कायदा तिघांकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहतो.

2. मुदत कमी आणि क्षेत्र लहान ठेवलं, तर नोकरी सोडल्यानंतरची बंदी भारतात चालते का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. बंदी वाजवी आहे की नाही, ही इंग्लंडमधली कसोटी या कलमात नाही. 1874 मध्येच कलकत्ता उच्च न्यायालयाने अर्धवट बंदीही कलम 27 मध्ये येते असं म्हटलं होतं. वाजवी बंदीला मुभा द्यावी, अशी शिफारस विधी आयोगाने 1958 मध्ये केली, पण कायदा बदलला नाही.

सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यातलं (1980) कलम तर बऱ्यापैकी आटोपशीर होतं: दोन वर्षं आणि फक्त शेवटच्या नेमणुकीचं ठिकाण. तरीही कंपनी सर्वोच्च न्यायालयात हरली. तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी निकाल एका शब्दावर दिला (तो भाग प्रश्न 10 मध्ये), तर तिसऱ्यांनी कलम 27 ची सविस्तर चर्चा करून नोकरीनंतरची बंदी चालणार नाही असं सांगितलं. पुढे 2006 मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याच्या आधीच्या एजन्सीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका पक्की केली. करार संपल्यावर बाहेरून आलेला प्रस्ताव आधी जुन्या एजन्सीला दाखवायचा, एवढीच ती अट होती. तीही टिकली नाही.

3. मग मुदत, क्षेत्र, व्याप्ती यांची डोकेफोड करायची कशाला? कलम काढूनच टाकू.

नोकरीनंतरची नोकरीबंदी काढून टाकाच. पण मालकाची खरी भीती त्याने जात नाही. ती तीन ठिकाणी उरते आणि तिथे नेमकेपणाला किंमत आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे नोकरी चालू असतानाची बंदी. ही टिकते. निरंजन शंकर गोलिकारी खटला (1967) आपल्याच कल्याणचा आहे. सेंच्युरी कंपनीच्या टायर कॉर्डच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरचा पाच वर्षांचा करार होता. कर्मचारी तो अर्धवट टाकून राजस्थानातल्या कोटा इथल्या स्पर्धक कंपनीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली, पण ती मनाई कशी होती ते बघा: कराराची मुदत संपेपर्यंतच आणि टायर कॉर्डच्या उत्पादनातल्या तशाच कामापुरतीच. न्यायालयाने त्याला घरी बसवलं नाही.

दुसरं ठिकाण ग्राहक न फोडण्याचं कलम. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये डेसिकंट रोटर्सच्या खटल्यात स्पर्धक कंपनीत जायची बंदी उडवली, पण ग्राहक-पुरवठादारांना फोडायची मनाई ठेवली. तिसरं ठिकाण गोपनीय माहिती. तिन्हीकडे न्यायालय विचारतं की कोण, काय आणि कधीपर्यंत. उत्तर कागदावर नसेल तर कंपनीचं म्हणणं लंगडं पडतं.

4. एखादं वाईट कलम दाखवून समजावाल का?

नमुन्यादाखल एक कंपनी घेऊ. भोसरीतला डोसिंग पंप बनवणारा, पस्तीस-चाळीस माणसांचा कारखाना. पाण्यात किंवा उसाच्या रसात ठरलेल्या मापाने रसायन सोडणारे हे पंप. सेल्स इंजिनिअर कोल्हापूर, सांगली, सातारा इथले साखर कारखाने सांभाळतो. त्याच्या करारात हे लिहिलं आहे:

> कर्मचारी नोकरी सोडल्यानंतर 3 वर्षे भारतात अथवा भारताबाहेर, कंपनीच्या विद्यमान वा भावी व्यवसायाशी प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही आस्थापनेत कोणत्याही नात्याने सहभागी अथवा हितसंबंधित असणार नाही.

तीन वर्षं कशासाठी, याचं कारण कुठे नाही. भारताबाहेर कंपनीचा एकही ग्राहक नाही. ‘भावी व्यवसाय’ कोणता, हे मालकालाही आज सांगता येणार नाही. ‘कोणत्याही नात्याने’ म्हणजे स्पर्धकाच्या कँटीनचा हिशेब लिहिणंही आलं. ‘हितसंबंधित’ या शब्दात तर शेअर बाजारातून घेतलेला एक शेअरही अडकतो (त्या शब्दावर इंग्लंडमध्ये काय झालं ते प्रश्न 12 मध्ये).

आणि एवढं सगळं लिहूनही मालकाला जी खरी धास्ती आहे, की याला प्रत्येक कारखान्याला दिलेली सवलत पाठ आहे, तिचा कलमात उल्लेखच नाही.

5. तेच कलम नव्याने लिहिलं तर कसं दिसेल?

असं:

> क. नोकरी चालू असताना, नोटीस काळ धरून, कर्मचारी कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय डोसिंग पंप वा त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, विकणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या आस्थापनेसाठी काम करणार नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे 1 टक्क्यापर्यंतचे शेअर बाळगण्यास हरकत नाही.
>
> ख. कामाच्या शेवटच्या दिवसानंतर येणाऱ्या पहिल्या 31 ऑक्टोबरपर्यंत, परंतु कोणत्याही परिस्थितीत 9 महिन्यांपेक्षा जास्त नाही, कर्मचारी परिशिष्ट ‘अ’ मधील ग्राहकांशी डोसिंग पंप विकण्यासाठी आपणहून संपर्क साधणार नाही. ग्राहकाने आपणहून संपर्क केल्यास किंवा जाहीर निविदा काढल्यास हे कलम लागू होणार नाही.
>
> ग. परिशिष्ट ‘ब’ मधील माहिती, म्हणजे ग्राहकनिहाय दर व सवलती, पंपांची ड्रॉइंग आणि पुरवठादारांचे खरेदीदर, कर्मचारी उघड करणार नाही किंवा वापरणार नाही. त्याचे सर्वसाधारण कौशल्य, अनुभव आणि जगजाहीर माहिती यात येत नाही.
>
> घ. नोकरी संपल्यानंतर कोणत्याही कंपनीत नोकरी करण्यास किंवा स्वतःचा व्यवसाय करण्यास या करारात मनाई नाही.

‘घ’ वाचून मालक हमखास बिचकतात. पण ज्या बंदीला कायद्यात जोर नाही ती सोडून दिली, की ‘ख’ हे आडवाटेने घातलेलं नॉन-कॉम्पिट आहे असं म्हणायला जागा कमी राहते. न्यायालयासमोर ‘ख’ला त्याचाच आधार मिळतो.

6. मुदत ठरवायची कशी? सहा महिने, वर्ष, दोन वर्षं?

आकडा धंद्याच्या चक्रातून यायला हवा, इंटरनेटवरच्या नमुन्यातून नव्हे. वरच्या उदाहरणात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि यंत्रांची डागडुजी, नवी खरेदी त्याआधीच्या बंद काळात उरकते. म्हणजे जुन्या सवलतीची माहिती एका खरेदीच्या हंगामापुरतीच धारदार असते, त्यानंतर नवे दर येतात. म्हणून 31 ऑक्टोबर. जानेवारीअखेर सोडणारा नऊ महिने बांधला जातो. ऑगस्टअखेर सोडणारा दोनच महिने, कारण तोवर बहुतेक खरेदी होऊन गेलेली असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोडणारा जुलैअखेर मोकळा होतो, हंगामाचा शेवटचा तुकडा मालकाच्या हातून जातो. वरची मर्यादा ठेवायची तर एवढं सोडावं लागतं.

मुदत कधीपासून मोजायची तेही लिहा. ‘रिलीव्हिंग लेटरच्या तारखेपासून’ असं असेल तर कर्मचाऱ्याने सही करू नये. काही कंपन्या ते पत्र दोन-दोन महिने अडकवून ठेवतात आणि बंदी तेवढी पुढे सरकते. कामाचा शेवटचा दिवस हीच मोजणीची तारीख हवी.

7. क्षेत्र जिल्ह्यांत लिहावं, किलोमीटरमध्ये, की ग्राहकांच्या नावांनी?

ग्राहक मोजता येण्यासारखे असतील तर नावांनी. ‘कोल्हापूर जिल्हा’ लिहिलं की ज्याच्या दारात तो कधी गेलाच नाही असाही कारखाना आत येतो. म्हणून परिशिष्ट ‘अ’ची व्याख्या अशी करा: नोकरीच्या शेवटच्या 12 महिन्यांत ज्यांना या कर्मचाऱ्याने स्वतः दरपत्रक दिलं किंवा ज्यांची ऑर्डर हाताळली ते ग्राहक. यादी राजीनाम्यानंतर आठवड्याभरात दोघांनी मिळून भरायची आणि तिच्यावर सह्या करायच्या. सही करताना यादी कोरी असेल तर निदान ही व्याख्या आणि यादी भरायची मुदत करारात हवीच, नाहीतर मालक पुढे मनाला येईल ती नावं घालू शकतो.

किलोमीटरची मर्यादा दुकान, क्लिनिक, क्लास यांसारख्या जागेला बांधलेल्या धंद्यात समजण्यासारखी आहे. पण नोकरदार माणसाला नोकरीनंतर त्या वर्तुळात कामच करू नको म्हणणं पुन्हा कलम 27 मध्येच अडकतं. धंदा विकताना मात्र तिचा उपयोग होतो (प्रश्न 11).

8. ‘स्पर्धक’ म्हणून दहा कंपन्यांची नावं दिली तर ते पुरेसं स्पष्ट नाही का?

स्पष्ट आहे, पण नोकरीनंतरची बंदी असेल तर स्पष्ट असूनही निरर्थकच. नोकरी चालू असतानाच्या बंदीत (कलम ‘क’) यादीपेक्षा वस्तूचं वर्णन बरं. मोठ्या उद्योगसमूहाचं नाव यादीत असलं, की त्यांच्या पंपांशी काडीचाही संबंध नसलेल्या शाखेचं कामही अडतं. ‘डोसिंग पंप आणि त्यांचे सुटे भाग’ म्हटलं की वाद मिटतो. ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष’, ‘संलग्न’, ‘तत्सम’ हे तीन शब्द दिसले की पेन्सिलने गोल करा आणि मालकाला एकेक उदाहरण विचारा. उदाहरण सुचलं नाही तर शब्द काढा.

9. राजीनाम्यानंतर तीन महिने पगार देऊन घरी बसवलं, म्हणजे गार्डन लीव्ह, तर कायदेशीर आहे ना?

ती नोकरीच्या आत आहे की बाहेर, यावर ठरतं. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर व्हीएफएस ग्लोबलचं असंच कलम आलं होतं. त्यात नोकरी संपल्यावर तीन महिने पगार देऊन दुसरीकडे जायला मनाई होती. न्यायालयाने तेही प्रथमदर्शनी कलम 27 मध्ये बसवलं आणि कंपनीला मनाईहुकूम दिला नाही. पगार दिला म्हणून बंदी शुद्ध होत नाही.

म्हणून गार्डन लीव्ह हवी असेल तर ती नोटीस काळाच्या आतच लिहा: ‘90 दिवसांच्या नोटीस काळात कंपनी कर्मचाऱ्याला कामावर न बोलावता पूर्ण पगारावर ठेवू शकते, या काळात नोकरी चालू आहे असे मानले जाईल.’ पीएफ, विमा, रजेचा हिशेब चालू ठेवा. ते बंद केले, तर नोकरी चालू होती असं सांगायला तोंड उरत नाही. कर्मचाऱ्याने एवढंच पाहावं की पूर्ण पगार म्हणजे नुसतं बेसिक नाही ना.

10. कंपनीनेच मला काढलं, तरी ‘सोडल्यानंतर’ची अट लागू होते का?

शब्द बघा. सुपरिंटेंडन्स खटल्यात कंपनीने कर्मचाऱ्याला स्वतःच काढलं होतं आणि कलमात मात्र ‘कंपनी सोडल्यानंतर’ असं होतं. सोडणं म्हणजे आपणहून सोडणं, काढून टाकलेल्याला ते लागू नाही, असा अर्थ दोन न्यायमूर्तींनी लावला. तेव्हा नव्या मसुद्यात हे संदिग्ध ठेवू नका. माझं मत विचाराल तर कपातीत काढलेल्या माणसावर ‘ख’सुद्धा लावू नये आणि तसं एका ओळीत लिहून टाकावं. गोपनीयता दोन्ही बाबतीत राहते.

दंडाच्या रकमेबद्दल याच्याच जोडीने विचारतात. नॉन-कॉम्पिट मोडलं तर पाच लाख, असं लिहिल्याने निरर्थक कलम जिवंत होत नाही. ठरावीक वर्षं नोकरी करण्याचा बाँड वेगळा. 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली, कारण ती दुसरीकडे काम करायला मज्जाव करत नव्हती आणि बँकेचा भरतीचा खर्च खरा होता. छोट्या कंपनीने तोच आकडा उचलून लावू नये. कलम 74 नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाईच.

11. मी सहसंस्थापक आहे, हिस्सा विकून बाहेर पडतोय. मलाही कलम 27 चं संरक्षण आहे का?

इथे नियम उलटतो. कलम 27 ला अपवाद आहे: जो धंद्याचं नाव आणि पत, म्हणजे गुडविल विकतो, त्याच्यावर ठरावीक स्थानिक मर्यादेत तसाच धंदा न करण्याची वाजवी अट घालता येते. भागीदारी कायद्यातही बाहेर पडणाऱ्या भागीदाराबद्दल अशी तरतूद आहे. म्हणजे मुदत, क्षेत्र, व्याप्ती यांची वाजवी कसोटी लागते ती इथे, आणि शेजारच्या तालुक्यांची नावं, किलोमीटर, वर्षं हे सगळं काटेकोर लिहायला हवं.

खरेदीदार कधी कधी हीच अट तुमच्या पुढच्या नोकरीच्या करारात घालतात. दोन कागद वेगळे ठेवा. विक्रीची अट विक्रीच्या करारात, तिच्यासाठी मिळालेल्या किमतीच्या उल्लेखासह.

12. दुबईची किंवा लंडनची ऑफर आहे. तिथेही ही बंदी निरर्थकच?

नाही, आणि इथे बेसावध राहू नका. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यातलं कलम 10 नोकरीनंतरची बंदी मान्य करतं. अट अशी की तुमच्या कामामुळे ग्राहक किंवा धंद्याची गुपितं तुमच्यापर्यंत पोहोचत असली पाहिजेत, कलमात काळ, जागा आणि कामाचा प्रकार लिहिलेला पाहिजे आणि मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नको. मालकाने कायदा मोडून काढलं असेल तर अट गळून पडते. दुबईच्या ऑफरमध्ये जागेच्या रकान्यात ‘आखाती देश’ असं असेल, तर सहीआधी ते ‘दुबई अमिरात’ करून मागा. बहुतेक वाटाघाटी याच एका रकान्यावर होतात.

इंग्लंडमध्ये बंदी वाजवी असेल तर टिकते. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर सहा महिन्यांचं कलम होतं. ‘हितसंबंधित’ या अर्थाच्या शब्दामुळे त्यात शेअर बाळगणंही अडत होतं. न्यायालयाने तेवढा शब्द खोडला आणि उरलेलं कलम टिकवलं. तिथे न्यायाधीश जादा शब्द खोडतात, पण दोन वर्षांचे सहा महिने करून देत नाहीत. जर्मनीत नोकरीनंतरच्या बंदीच्या काळात आधीच्या मोबदल्याच्या निदान निम्मी रक्कम द्यावीच लागते आणि मुदत दोन वर्षांच्या आतच असते.

13. मी पुण्यात काम करतो, पण करारात अमेरिकेतल्या राज्याचा कायदा लिहिलाय. मग?

पुण्यात काम करणाऱ्याला इथल्या न्यायालयातून अडवायचं तर कलम 27 आडवं येणारच. परदेशी कायद्याचं नाव लिहून ते टाळणं अवघड आहे. पण तुम्ही उद्या बदली घेऊन तिकडे गेलात तर चित्र बदलतं. कॅलिफोर्नियात अशी बंदी निरर्थक आहे आणि 1 जानेवारी 2024 पासून ती कुठे सही केली यालाही तिथे महत्त्व नाही. इतर अनेक राज्यांत मात्र वाजवी बंदी टिकते. देशभर बंदी उठवणारा केंद्रीय नियम 2024 मध्ये आला होता, पण अमलात येण्याआधीच टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा ‘अमेरिकेत आता नॉन-कॉम्पिट नाही’ हा फॉरवर्ड खरा मानू नका.

14. सही आधीच झाली आहे. आता कलम बदलायचं तर प्रक्रिया काय?

नुसता एचआरचा ‘आम्ही लागू करणार नाही’ असा मेल पुरेसा समजू नका. एक-दोन पानांचा पुरवणी करार करा. त्यात मूळ कराराची तारीख, कोणतं कलम रद्द, त्याजागी कोणता मजकूर आणि बाकी करार तसाच राहील, एवढं हवं. दोघांच्या सह्या, तारीख, परिशिष्टं जोडलेली. कर्मचाऱ्यावर नवं बंधन येत असेल, जसं ‘ख’, तर त्याबदल्यात काहीतरी द्या आणि ते लिहा: पगारवाढ, जास्त नोटीस काळ, एकरकमी रक्कम. ‘एखादं कलम निरर्थक ठरलं तरी बाकीची राहतील’ ही ओळही घाला. मात्र क, ख, ग वेगळ्या क्रमांकांनी लिहिलेले नसतील तर त्या ओळीचा फारसा उपयोग होत नाही, कारण खोडायला नेमका तुकडाच सापडत नाही.

15. जुन्या कंपनीने माझ्या नव्या कंपनीला नोटीस पाठवली. आता नोकरी जाईल का?

नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. ती बहुधा घाबरवण्यापुरती असते, पण नव्या कंपनीची लीगल टीम खरंच घाबरते. त्यांना लगेच लेखी कळवा की जुन्या कंपनीची कोणतीही फाइल, ग्राहकयादी किंवा दरपत्रक तुमच्याकडे नाही आणि तुम्ही ते वापरणार नाही. हे खरं असायला हवं. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या जीमेलवर पाठवलेली एक एक्सेल शीट असेल तर वाद नॉन-कॉम्पिटचा राहत नाही, गोपनीयतेचा होतो, आणि तिथे कलम 27 तुमच्या कामी येत नाही.